‘बॅटरी ठणठणीत आहे, बोर्ड गेलंय’ असं कुणी सांगितलं तर

लाइट गेल्यावर इमर्जन्सी लाइट लागते, पाच-दहा मिनिटांत मंदावते आणि विझते. ही तक्रार घेऊन दुरुस्तीला गेलात, तर मीटरवर दोन आकडे दाखवून तुम्हाला पूर्णपणे खोटी गोष्ट पटवता येते. मला ती पटवली गेली आणि न बदललेल्या बोर्डाचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. दाखवलेले दोन्ही आकडे खरे होते, म्हणून ही फसवणूक सविस्तर लिहिते आहे.

माझी लाइट सहा व्होल्टची. आत ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, चार्जिंगचा छोटा बोर्ड आणि एलईडीची पट्टी चालवणारा ड्रायव्हर. पट्टी साधारण ०.६ अँपिअर ओढते, म्हणजे धड बॅटरीवर ती सहा तासांच्या आसपास चालायला हवी.

दुरुस्ती करणाऱ्याने मागचं झाकण उघडलं, बॅटरीला मीटर लावला आणि म्हणाला, “बघा ताई, सहा पॉइंट तीन. बॅटरी ठणठणीत आहे.” मग एक तार सोडवून मीटर मध्ये जोडला, लाइट चार्जिंगला लावली आणि करंट दाखवला. फक्त ०.०४ अँपिअर. “चार्जिंगच होत नाहीये. बोर्ड गेलंय, ड्रायव्हरही त्याच्यावरच आहे, अख्खं बदलावं लागेल.” मी विचारलं, “बॅटरी नक्की चांगली आहे ना?” तो म्हणाला, “तुमच्या समोरच बघितलं ना!” नव्या लाइटच्या निम्म्याहून जास्त पैसे घेऊन त्याने दुसऱ्या दिवशी लाइट परत दिली. त्याच्यासमोर ती लख्ख लागली. घरी वीज गेली तेव्हा पुन्हा तेच, थोड्या वेळात अंधार.

आता त्या आकड्यांकडे बघू. पहिला ६.३ व्होल्टचा. सहा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे तीन कप्पे असतात आणि पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी स्वस्थ ठेवली की ६.४ च्या आसपास दाखवते. म्हणून ६.३ ऐकून कुणालाही बरं वाटतं. पण हा आकडा बॅटरीवर काहीही भार नसतानाचा आहे. मेलेली बॅटरीसुद्धा भार नसताना ६.२, ६.३ दाखवू शकते, कारण मीटर तिच्याकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. प्लेटांवर सल्फेटचा थर चढलेला असेल किंवा आतलं पाणी आटलेलं असेल, तर बॅटरीचा आतला अवरोध वाढतो, आणि तो फक्त करंट वाहायला लागल्यावरच उघडा पडतो. बॅटरीबद्दलचा प्रश्न एकच, लाइट चालू असताना व्होल्टेज किती राहतं?

घरी मी तेच केलं. रात्रभर चार्ज करून प्लग काढला, थोडा वेळ थांबले, मीटर लावला: ६.३५. लाइट चालू केली आणि मीटर तसाच ठेवला. आकडा तत्क्षणी ५.७ वर आला, काही मिनिटांत ५.२ च्या खाली गेला आणि पट्टी मंद होत गेली. ४.८ ला तर उजेड नावापुरताच उरला. लाइट बंद केली, जरा वेळाने पुन्हा बघितलं, तर व्होल्टेज परत ६.१! दुरुस्तीवाल्याने दाखवला तो असा सावरलेला आकडा होता. सहा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीची खालची मर्यादा भार असताना साधारण ५.२५ व्होल्ट धरतात. चांगली बॅटरी एवढ्या भाराला सहाच्या वर बराच वेळ टिकते आणि ५.२५ ला पोचायला तिला कित्येक तास लागतात. काही मिनिटांत तिथे पोचली, तर बॅटरी संपलेली आहे. भार नसतानाही चारच्या आसपास दाखवत असेल, तर बहुधा एक कप्पा आतून शॉर्ट झालाय.

दुसरा आकडा जास्त फसवा, कारण तो खरोखर चार्जर बिघडल्यासारखा दिसतो. चार्जिंगचा करंट कमी असण्याची दोन वेगळी कारणं असतात. एक तर चार्जर देत नाही, किंवा बॅटरी घेत नाही. नुसत्या करंटवरून यांतलं कोणतं ते कळत नाही. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज बघावं लागतं, आणि तो आकडा मला दाखवला गेला नाही. चार्जर चालू असताना मीटर फक्त करंटसाठी लावलेला होता.

हे व्होल्टेज मी घरी मोजलं. लाइट विझेपर्यंत वापरली, म्हणजे बॅटरी रिकामी, आणि लगेच चार्जिंगला लावली. रिकामी, पण तब्येतीने चांगली बॅटरी सुरुवातीला या चार्जरवर ०.३ ते ०.४ अँपिअर घेईल आणि व्होल्टेज ६.३, ६.५ असं तासातासाने सावकाश चढेल. माझ्या बॅटरीचं व्होल्टेज काही मिनिटांतच ७.२ वर जाऊन थांबलं आणि करंट ०.०४ वर आला. म्हणजे चार्जर आपल्या पूर्ण व्होल्टेजने ढकलत होता, बॅटरीच आत घेत नव्हती. चार्जर खरंच बिघडला असता, तर करंट कमी आणि व्होल्टेजही कमी, म्हणजे प्लग लावूनही ६.१ चं ६.१ च राहिलं असतं. व्होल्टेज वर आणि करंट कमी असेल तर बॅटरीवर संशय घ्या, दोन्ही कमी असतील तर चार्जरवर. मात्र ही तपासणी बॅटरी रिकामी असतानाच करायची, कारण भरलेली चांगली बॅटरीसुद्धा करंट कमी घेते.

तिसरा आरोप ड्रायव्हरवर होता. तो तपासायला मी बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि त्या जागी टॉर्चचे चार मोठे दीड व्होल्टचे नवे सेल एका ओळीत जोडले, म्हणजे सहा व्होल्ट झाले. प्लग भिंतीतून पूर्ण काढलेला होता. तो लावला असता तर चार्जरने त्या सेलांमध्ये करंट घातला असता, आणि साधे सेल चार्ज करायचे नसतात, ते गळतात. उलट-सुलट जोडणी होऊ नये म्हणून लाल-काळ्या तारा दोनदा बघून घ्या. पट्टी लागली आणि तासभर एकसारखी, न लुकलुकता चालली. ड्रायव्हर निर्दोष. तो बिघडलेला असता तर उलट चित्र दिसलं असतं, बॅटरीचं व्होल्टेज सहाच्या वर टिकून आहे, तरी उजेड मंद किंवा लुकलुकता. आणि लाइट गेल्यावर पट्टी आपोआप लागत नाही, पण बटण दाबलं की धड चालते, असं असेल तर दोष वीज गेल्याचं ओळखणाऱ्या भागात असतो, बॅटरीत नाही.

एवढं झाल्यावर मी आतला बोर्ड नीट बघितला. दुरुस्तीला देण्याआधी मी वस्तूचा आतला फोटो काढून ठेवते. त्या फोटोत एका रोधकाशेजारी तपकिरी डाग होता आणि बोर्डाच्या कडेला एक खरवडल्याची रेघ. ‘नव्या’ बोर्डावर तोच डाग, तीच रेघ, तेच जुनं सोल्डर. बदललेली होती फक्त एक तार.

फोटो घेऊन मी परत गेले. आधी उत्तर मिळालं, “ताई, तेच बोर्ड धुऊन दुरुस्त केलंय.” पावतीवर ‘नवीन बोर्ड’ लिहिलं होतं, ते दाखवल्यावर आवाज खाली आला. मग त्याने पैशांऐवजी नवी बॅटरी देऊ केली आणि लगेच कपाटातून काढली. स्टिकर कोरा करकरीत, पण एका कोपऱ्यात त्याखाली दुसऱ्या स्टिकरची कड दिसत होती, आणि टोकांच्या पत्र्यांवर आधी क्लिप बसवून काढल्याचे ओरखडे होते. नव्या बॅटरीची टोकं गुळगुळीत असतात. मी तिथेच माझी पट्टी तिला जोडायला सांगितली आणि मीटर लावला. भार पडताच ५.६. तो काही बोलला नाही. बोर्डाचे पैसे मी परत घेतले. फोटो आणि पावती हातात नसती तर ते मिळाले नसते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

हे घरी करून बघणाऱ्यांनी एक गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नये. माझ्या लाइटमध्ये जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे बॅटरीची बाजू मेन्सपासून वेगळी आहे. बऱ्याच स्वस्त लाइटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, प्लगच्या तारेनंतर एक चौकोनी कपॅसिटर असतो आणि चार्जिंग होताना बॅटरीची टोकंसुद्धा थेट मेन्सशी जोडलेली असतात. अशी लाइट प्लगला असताना उघडू नका, मीटर लावू नका. तिची तपासणी प्लग काढूनच करायची. भार टाकून बॅटरी बघायची, सेल लावून ड्रायव्हर बघायचा, आणि वापरून उतरवलेल्या नव्या बॅटरीचं व्होल्टेज रात्रभराच्या चार्जिंगनंतरही वाढलं नाही तर चार्जर दोषी. अशा लाइटमध्ये तो कपॅसिटर वर्षांमागून वर्षं क्षमता गमावतो आणि चार्जिंग हळूहळू मंद होत जातं, म्हणजे तिथे चार्जरचा दोष अगदी खरा असू शकतो. मीटर करंटच्या खाचेत असताना त्याच्या तारा थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका, तो शॉर्ट होतो. लिथियमची बॅटरी असेल तर वरचे व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत, आणि ती फुगलेली असेल तर हातच लावू नका.

शेवटी बॅटरी मी स्वतः आणली. टोकं बघून, तारखेचा शिक्का बघून, आणि दुकानातच भार टाकून. जुन्या बोर्डालाच ती जोडली. पट्टी चालू केल्यावर व्होल्टेज ६.२ वर स्थिर राहिलं. एक तपासणी मात्र बाकी होती, हाच बोर्ड नव्या बॅटरीला मारणार नाही ना? जुनी बॅटरी ७.२ वर थांबली होती आणि आमची लाइट महिनोन्महिने प्लगलाच असते. सतत जोडून ठेवण्यासाठी सहा व्होल्टच्या बॅटरीला ६.८ ते ६.९ पुरे, त्याहून जास्त दाब कायम राहिला की पाणी आटतं. नवी बॅटरी पूर्ण भरल्यावर मोजलं तर याही वेळी ७.२ च. म्हणजे बोर्ड बिघडलेला नाही, पण त्याला थांबणं माहीत नाही. त्यामुळे आता लाइट एक रात्र चार्ज करून प्लग काढून ठेवते, मधूनमधून पुन्हा भरते, आणि वीज गेल्यावर उजेड उतरायला लागला की बंद करते, कारण या ड्रायव्हरमध्ये बॅटरी ५.२५ च्या खाली जाण्याआधी तोडणारी सोय नाही.