पासवर्ड न देता एडिटरला यूट्यूब चॅनेल दिलं, त्याचा काही महिन्यांचा अनुभव

आमचं कुस्तीचं चॅनेल आहे. खासबागेपासून गावोगावच्या जत्रेतल्या मैदानांपर्यंत शूटिंग मी करतो, एडिटिंग शाहूपुरीतला एक पोरगा करतो. आधी त्याच्याकडे माझ्या जीमेलचाच पासवर्ड होता. म्हणजे चॅनेलबरोबर माझे मेल, फोटो, ड्राइव्ह, सगळंच उघडं. वर त्यानं नवीन कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की रात्री अकराला फोन ठरलेला, "दादा, ओटीपी सांगा की."

यूट्यूब स्टुडिओत Settings मध्ये Permissions आहे. तिथं Invite दाबून त्याचा स्वतःचा जीमेल टाकला आणि रोल निवडला. आमंत्रण तीस दिवसांत स्वीकारावं लागतं, नाहीतर पुन्हा पाठवायचं.

रोल निवडताना घाई करू नका. Manager व्हिडिओ उडवू शकतो, इतरांना आत घेऊ शकतो किंवा काढू शकतो, फक्त चॅनेल डिलीट करू शकत नाही. तो रोल मी धाकट्या भावाला दिला. एडिटरला दिला Editor, तोही limited लिहिलेला. साधा Editor कमाईचे आकडे बघतो, limited वाल्याला ते दिसत नाहीत. बाकी अपलोड, टायटल, थंबनेल, पब्लिश, सगळं त्याच्या हातात.

यातलं एक कुलूप मला फार आवडलं. एडिटरला पब्लिश झालेला व्हिडिओ डिलीट करता येत नाही. एकदा उपांत्य लढतीच्या टायटलखाली अंतिम लढतीची फाइल चढली. त्यानं व्हिडिओ लगेच प्रायव्हेट केला, मला कळवलं, आणि डिलीट मी माझ्या लॉगिनमधून केलं. पण हेही ध्यानात घ्या, जो प्रायव्हेट करू शकतो तो रागाच्या भरात सगळे व्हिडिओ झाकूही शकतो. तेव्हा ज्याच्यावर भरवसा नाही त्याला हाही रोल नको. नुसते आकडे दाखवायचे असतील तर Viewer पुरतो.

त्रास झाला तो वेगळाच. त्याचं स्वतःचंही एक चॅनेल आहे, आणि लॉगिन केल्यावर कधीकधी तेच उघडायचं. एक लढत तिकडेच चढली! आता अपलोड करण्याआधी तो वर उजवीकडचा गोल फोटो बघतो. आमचा लोगो नसेल तर त्यावर क्लिक करून Switch account.

ज्यांचं चॅनेल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे अनेकांनी मिळून चालवायच्या वेगळ्या नावाच्या गूगल खात्यावर आहे, त्यांना आधी जुनी ब्रँड अकाउंटची पद्धत सोडून चॅनेल परमिशनवर यावं लागतं. भावाच्या दुसऱ्या चॅनेलला ते करावं लागलं.

पुढच्या महिन्यात आमचा हा पोरगा पुण्याला नोकरीला चाललाय. Permissions मध्ये त्याच्या नावासमोरचा अॅक्सेस काढला की झालं. त्याच्याकडचा जुना पासवर्ड आधीच बदललेला असला की आता पुन्हा बदलायचा नाही, आणि त्यानं चढवलेले व्हिडिओ चॅनेलवर तसेच राहतात.