यूट्यूब चॅनेल: स्वतःचं नाव की विषयाचं?

समजा, गच्चीवर भाजी पिकवायला शिकवणारं चॅनेल काढायचंय. एक पर्याय ‘सुनीता जोशी’, दुसरा ‘कुंडीतली भाजी’.

स्वतःच्या नावाचा फायदा एकच, पण मोठा: उद्या भाजी सोडून प्रवासावर बोललात तरी नाव बदलावं लागत नाही. अडचण हँडलला येते. एकच नाव अनेक चॅनेलना चालतं, हँडल मात्र एकालाच मिळतं. @sunitajoshi आधीच गेलेलं असतं, मग मागे आकडे जोडावे लागतात आणि ते तोंडी सांगताना चुकतात. शिवाय तुम्ही काय दाखवता हे नावातून कळत नाही. ते काम बॅनर आणि वर्णनावर येतं.

‘कुंडीतली भाजी’ शोधात दिसताक्षणी कळतं. @kunditlibhaji मोकळं असण्याची शक्यताही जास्त. नवख्याने हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

बॅनर दोन्हीकडे 2560×1440 पिक्सेलचा, पण मजकूर मधोमधच ठेवा. मोबाइलवर कडा कापल्या जातात.

वर्णनात ‘माझ्या चॅनेलवर स्वागत’ नको. पहिलंच वाक्य असं हवं: ‘दर रविवारी, गच्चीतल्या कुंडीत एक भाजी: बी पेरण्यापासून तोडणीपर्यंत.’ स्वतःचं नाव ठेवलं असेल, तर हेच वाक्य बॅनरवरही लिहा.