परातीने अडवलेलं झाकण: टॅबलेट कप्प्यात ठेवायची, तळाशी टाकायची की पावडर वापरायची?

डिशवॉशरचा तास-दोन तासांचा प्रोग्रॅम संपतो, दार उघडल्यावर वाफ येते, भांडी गरमही असतात. पण कढईला तेलाचा ओशटपणा तसाच असतो आणि दारावरच्या कप्प्यात टॅबलेट भिजून अर्धवट बसलेली दिसते. अशा वेळी बहुतेक जण तीन उपायांपैकी एक निवडतात. काही जण भांडी लावायची पद्धत बदलतात, काही जण टॅबलेट कप्प्यात न ठेवता सरळ मशीनच्या तळाशी टाकतात आणि काही जण टॅबलेट सोडून पावडरकडे वळतात. तिन्ही उपाय आपापल्या जागी चालतात, पण एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही. म्हणून निवडण्याआधी आतमध्ये नेमकं काय घडतं ते पाहू.

नेहमीच्या लांब प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला पाण्याचा एक हात फिरतो. त्याला प्री-रिन्स म्हणतात. त्यात वरवरचा खरकटा थर निघतो आणि ते पाणी मशीन बाहेर फेकतं. मग ताजं पाणी घेतलं जातं आणि मुख्य धुणं सुरू होतं. याच टप्प्यावर कप्प्याचा खटका सुटतो, झाकण उघडतं आणि टॅबलेट खाली पडते. काही मशीनमध्ये ती वरच्या ट्रेच्या पुढच्या बाजूला असलेल्या छोट्या जाळीच्या खणात पडते. पाणी तापत असताना ती विरघळते, आणि तेल, हळद, डाळीचा चिकट थर हे सगळं याच पाण्यात सुटतं.

खटका सुटला की मशीनच्या लेखी काम झालं. झाकण पुरतं उघडलं की नाही, हे ते तपासत नाही. बहुतेक झाकणं स्प्रिंगवर चालतात आणि ती स्प्रिंग नाजूक असते. झाकणासमोर पॅनची मूठ, उभी ठेवलेली परात किंवा भाजी चिरायचा पाट आला की झाकण त्याला टेकून थांबतं. उरलेल्या फटीतून टॅबलेट बाहेर येत नाही. पुढचं सगळं धुणं मग जवळजवळ साध्या गरम पाण्याने होतं. कप्प्यात शिरणाऱ्या तुषारांनी टॅबलेट हळूहळू भिजत राहते आणि कधीकधी शेवटच्या पाण्यात विरघळते. तेव्हा पेल्यांवर पांढुरकी पूड बसते.

सगळ्याच न विरघळलेल्या टॅबलेटना भांडं कारणीभूत नसतं. टॅबलेट कप्प्यातच अडकली असेल आणि झाकण अर्धवट उघडं असेल, तर समोरच्या भांड्यावर संशय घ्यावा. टॅबलेट खाली पडली असेल पण विरघळली नसेल, तर झाकण दोषी नाही. अशा वेळी प्रोग्रॅम फार छोटा होता का, पाणी तापलं का, की खालचा फिरता पंखा एखाद्या पळीने किंवा झाऱ्याने अडला होता, हे पाहावं. टॅबलेट जाळीच्या खणात सापडली तर त्यावर एखादा पेला किंवा डबा उपडा घातलेला असतो. आणि झाकण अजिबात उघडलंच नसेल तर मशीन रिकामी ठेवून एकदा चालवावी. रिकाम्या मशीनमध्ये ते नीट उघडलं तर खटका ठीक आहे. तेव्हाही उघडलं नाही तर कडांना चिकटलेली पावडर ओल्या फडक्याने पुसून पाहावी आणि तरीही अडलं तर मेकॅनिक बोलवावा. त्या बिघाडावर खाली सांगितलेल्या तिन्ही उपायांचा उपयोग नाही.

टॅबलेट कप्प्यातच, भांडी वेगळी लावून

पहिला उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण तो मूळ कारणावर जातो. शिवाय खर्च काहीच नाही.

आमच्या शेजारच्या कुटुंबाचं उदाहरण सांगते. रविवारचं जेवण झालं की त्यांच्या खालच्या ट्रेमध्ये पाच लिटरचा कुकर, कढई, तवा आणि कणकेची परात येते. परात मोठी, म्हणून ती सगळ्यांत शेवटी पुढच्या कडेला दाराला समांतर उभी राहायची. कप्पा दाराच्या मध्यभागी, म्हणजे परात बरोबर त्याच्या समोर. आठवडाभर ताटं-वाट्यांची धुणी व्यवस्थित व्हायची आणि रविवारी टॅबलेट कप्प्यात राहायची, त्यामुळे काकूंना वाटायचं की टॅबलेटचाच पुडा खराब आहे.

त्यांनी क्रम उलटा केला. परात आधी, डाव्या भिंतीलगत तिरकी, तोंड आत आणि खाली. कुकर मागे, उपडा. कढई उजवीकडे, मूठ आतल्या दिशेने. कप्प्यासमोरच्या जागेत फक्त बुटकी भांडी, म्हणजे आमटीचं छोटं पातेलं उपडं आणि दोन-चार वाट्या. ही भांडी झाकणाच्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत. तवा मात्र कुठेच नीट बसेना, तो त्या हाताने घासतात. माझ्या मते तेच योग्य, कारण बिडाच्या तव्याचा मुरलेला थर मशीनमध्ये निघून जातो आणि तवा गंजतो.

भांडी लावून झाल्यावर एक चाचणी करता येते. झाकण खाली किंवा बाजूला उलगडणारं असेल तर ते रिकामं असताना हाताने उघडून ठेवा, ट्रे आत ढकला आणि दार सावकाश वर आणा. कुठे टक्कर जाणवली तर तिथेच थांबा, जोर लावू नका. त्याच जागचं भांडं हलवायचं आहे. खात्री झाली की दार उघडून टॅबलेट कप्प्यात आडवी ठेवा आणि झाकण बंद करा. सरकणारं झाकण असेल तर भांडं त्याला अडवत नाही, पण बाहेर येणाऱ्या टॅबलेटला अडवू शकतं. तिथे कप्प्यासमोर निदान दोन-तीन बोटं मोकळी जागा हवी. कप्पा आणि हात दोन्ही कोरडे असू द्या. ओल्या कप्प्यात टॅबलेटचं पातळ वेष्टन तळाला चिकटतं आणि मग झाकण पूर्ण उघडूनही ती पडत नाही.

या उपायाची मर्यादा एकच. रोज वेगळं माणूस मशीन भरत असेल, तर ही शिस्त टिकत नाही. कामवाल्या मावशी, मुलं, पाहुणे, प्रत्येकाची लावायची रीत निराळी. ट्रेच्या पुढच्या कडेला, कप्प्यासमोरच्या भागात रंगीत दोरा बांधून ‘इथे उंच काही नको’ एवढं सांगितलं तर बराच फरक पडतो.

टॅबलेट तळाशी

झाकणाची कटकटच नको म्हणून टॅबलेट चमच्यांच्या टोपलीत किंवा सरळ तळाशी टाकणारे बरेच आहेत. प्री-रिन्स असलेल्या प्रोग्रॅममध्ये हा सौदा तोट्याचा आहे. पहिल्याच पाण्यात टॅबलेट विरघळू लागते, तिचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर गटारात जातो आणि मुख्य धुण्याला उरलंसुरलं मिळतं. ताटं-पेले असतील तर फरक कदाचित दिसणार नाही. कढई असेल तर नक्की दिसेल.

आणखी एक गोष्ट ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमचा कुकर डिशवॉशरमध्ये तसाही काळवंडतो. त्याच्यावर ओली टॅबलेट टेकून राहिली तर डाग आणखी गडद पडतो. टोपलीतून टॅबलेट कुठे घरंगळेल ते सांगता येत नाही.

तरी या उपायाची एक हक्काची जागा आहे. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत एखाद्या छोट्या प्रोग्रॅमला प्री-रिन्स नाही असं दिलं असेल, तर तिथे टॅबलेट तळाशी टाकलेली चालते. झाकण अडल्यामुळे धुणं वाया गेलं आणि भांडी परत धुवायची आहेत, तेव्हाही हेच करावं. खरकटं आधीच निघालेलं असतं. भिजकी टॅबलेट काढून घ्या, अडवणारं भांडं हलवा, टॅबलेट तळाशी टाका आणि प्री-रिन्स नसलेला गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावा. ती अर्ध्याहून कमी उरली असेल तर नवी घ्या. रोजची सवय म्हणून मात्र मी हा उपाय सुचवणार नाही.

पावडर

पावडरचा खरा फायदा इथे आहे की तिला बाहेर यायला पूर्ण उघडं झाकण लागत नाही. बोटभर फट मिळाली तरी पाण्याचे फवारे ती धुऊन काढतात. म्हणजे भांडं थोडं आडवं आलं तरी धुणं सहसा वाया जात नाही. झाकण पूर्ण दाबलं गेलं तर मात्र पावडरही आतच राहते आणि ओलसर होऊन दगडासारखी बसते. मग चमच्याने खरवडावी लागते.

दुसरा फायदा मापाचा. नुसते चहाचे कप आणि ताटं असतील तर कमी घालता येते, मटणाचं पातेलं असेल तर जास्त. मशीनची पुस्तिका आणि पुडा यांवर दिलेल्या मापापासून सुरुवात करावी. बऱ्याच मशीनमध्ये प्री-रिन्ससाठी कप्प्याशेजारी एक उघडा खळगा असतो. फार तेलकट भांडी असतील तेव्हा त्यात चमचाभर पावडर घातली की पहिल्या पाण्यापासूनच तेल सुटायला लागतं. टॅबलेटमध्ये ही सोय नाही. एका धुण्याचा खर्चही पावडरने साधारण कमी येतो.

पण तिच्याबरोबर पाण्याचा जडपणा घालवणारं डिशवॉशरचं मीठ आणि भांडी डागांशिवाय वाळायला मदत करणारं रिन्स एड वेगळं भरावं लागतं. ‘ऑल इन वन’ टॅबलेटमध्ये या दोन्हीचं काम थोडंफार सामावलेलं असतं. बोअरवेलच्या जड पाण्यावर मात्र टॅबलेट वापरूनही मीठ भरावंच लागतं, त्यामुळे तिथे टॅबलेटची ही सोय निम्मी उरते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पावडर घट्ट डब्यात न ठेवल्यास तिचे गोळे होतात, आणि गोळे झालेली पावडर फटीतून निघत नाही. म्हणजे तिचा सगळ्यात मोठा गुणच जातो.

कोणी काय घ्यावं

घरात एक-दोनच माणसं मशीन भरतात, भांडी रोज साधारण तीच असतात आणि मीठ-रिन्स एडची उठाठेव नको आहे, तर टॅबलेटच ठेवा आणि भांड्यांची जागा बदला. परात, कुकर, मोठी पातेली रोज असतात, भरणारे हात बदलतात आणि भांड्यांचा तेलकटपणा दिवसागणिक कमी-जास्त होतो, तर पावडर घ्या. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघराला मी पावडरच सुचवते. घरात टॅबलेटचा मोठा पुडा आधीच असेल तर तो फेकू नका. ताटं-वाट्यांच्या दिवशी टॅबलेट आणि परातीच्या दिवशी पावडर असं आलटून-पालटून वापरलं तरी मशीनला काही होत नाही. पावडरच्या धुण्याला मीठ आणि रिन्स एड भरलेलं असलं म्हणजे झालं.

मशीन अजून घ्यायचीच असेल तर दुकानात दार उघडून झाकण कसं उघडतं ते पाहा, खालचा ट्रे बाहेर ओढा आणि शक्य असेल तर घरची परात सोबत न्या. ती कप्प्यासमोर न येता बाजूला बसते का, हे दुकानात दोन मिनिटांत कळतं.