भाव ठरला 42, हातात पडला 34

द्राक्षांचा सौदा व्हॉट्सॲपवर ठरत असेल, तर चॅटमध्ये मेसेज 24 तासांनी गायब होतील अशी बारीक ओळ आली आहे का, ते आधी बघा. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक बागाईतदाराने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दिंडोरीकडे आमची दोन एकर थॉमसन आहे. व्यापारी बाग फिरला, मणी तोडून साखर तपासली आणि रात्री मेसेज आला, "42 रुपये फायनल. उद्या इसार टाकतो." त्याआधीच त्याने टायमर लावला होता. सकाळी एक लाख खात्यात आले. पुढच्या आठवड्यात माल उतरला, काट्यावर 180 क्विंटल भरला. हिशोबाला बसल्यावर गडी म्हणतो, "दादा, भाव 34च ठरला होता." 7,56,000 व्हायचे तिथे 6,12,000. चॅट उघडलं तर त्याचा भाव नाही, आमचं "चालेल" नाही, व्हॉइस नोटही नाही. टायमर त्याने लावल्याची ओळ तेवढी शिल्लक.

तो मेसेज मी धाकट्या भावाला फॉरवर्ड केला होता. त्याच्या चॅटला टायमर नसल्याने तो टिकला. पण फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मूळ कुणी आणि कधी पाठवला हे दिसत नाही. वकिलांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. इसाराची बँकेतली नोंद व्यवहार झाल्याचं सांगते, भाव सांगत नाही.

टायमर मुळात वाईट नाही. आधार कार्डाचा किंवा चेकचा फोटो पाठवताना तो लावावाच. घासाघिशीतले आकडेही पुसले गेले तर बिघडत नाही. ठरलेला भाव मात्र त्यात जाता कामा नये. दोघांच्या चॅटमध्ये टायमर कुणीही बंद करू शकतो, पण आधी आलेले मेसेज तरीही जातातच. मेसेज दाबून धरला की तो ठेवून घेता येतो, पण पाठवणाऱ्याला ते कळतं आणि तो नकार देऊ शकतो. फसवायला बसलेला माणूस तो देणारच. म्हणून भाव आला त्याच क्षणी स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा. नंबर नावाने सेव्ह असेल तर नंबराच्या पानाचाही काढा. आणि तो फोन विकू नका, रीसेट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा कोर्टात द्यायला प्रमाणपत्र लागतं, आणि स्क्रीनशॉटवर शंका घेतली गेली तर मूळ फोन हाताशी हवा.

आता कुठल्याही व्यापाऱ्याला आम्ही इसार घेण्याआधी साधा एसएमएस टाकतो: "थॉमसन, दोन एकर, 42 रु. किलो, वजन आपल्या काट्यावर, बाकी माल उतरल्यापासून 8 दिवसांत. मान्य असल्यास हो कळवा." "हो" आल्याशिवाय बागेत कात्री लावू देत नाही.