चुकीच्या आकारणीची तक्रार: दोनपैकी कोणता मसुदा पाठवावा?

नागपुरात मनीषनगरला राहणाऱ्या एका ग्राहकाचं उदाहरण घेऊ. घरच्या फायबर इंटरनेटचा प्लॅन ६९९ रुपयांचा, १८ टक्के जीएसटी धरून ८२४.८२. बिल मात्र आलं १००१.८२ रुपयांचं, कारण त्यात १५० रुपये राउटर भाडं लावलंय. राउटर ग्राहकाचा स्वतःचा आहे आणि बिल अजून भरलेलं नाही.

पहिला मसुदा: "मागच्या महिन्यापासून राउटरचे पैसे चुकीचे लावत आहात. नेटही स्लो आहे. दोन वेळा फोन केला. त्वरित कारवाई करावी."

दुसरा मसुदा: "विषय: मार्चच्या बिलातील राउटर भाडे रद्द करणे. ग्राहक क्रमांक, बिल क्रमांक, कालावधी १ ते ३१ मार्च. कंपनीचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, माझ्याकडे आहे; राउटर माझा आहे, खरेदीची पावती जोडली आहे. १५० रुपये भाडे व त्यावरील २७ रुपये जीएसटी, एकूण १७७ रुपये वजा करून ८२४.८२ रुपयांचे सुधारित बिल पाठवावे. बिल भरलेले नाही."

आमचं मत स्पष्ट आहे: दुसराच पाठवा. पहिल्यात व्याकरणाची चूक एकही नाही, तरी तो फसतो. "पैसे चुकीचे" म्हणजे भाडं लागूच नाही की लागू आहे पण जास्त लावलंय? वाचणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला, तर "दर बरोबर आहे" असं उत्तर येऊन तक्रार बंद होते. त्याहून घातक ते "नेट स्लो" वाक्य. त्यामुळे तक्रार तांत्रिक विभागाकडे वळू शकते. माणूस घरी येतो, स्पीड तपासतो आणि बिल तसंच राहतं. स्पीडची तक्रार वेगळी नोंदवा. "त्वरित कारवाई" यात नेमकं काय करायचं, तेही कळत नाही. फक्त १५० मागितले, तर २७ रुपये जीएसटी राहून जाण्याची भीती असते, म्हणून १७७ लिहिणं गरजेचं.

दुसऱ्या मसुद्यातलं एक वाक्य मात्र पाठवण्याआधी पडताळा. फायबरची तार ज्या डब्यात येते तो ओएनटी बहुधा कंपनीचाच असतो, आणि काही डब्यांत वायफाय राउटरही आतच असतो. तसं असेल तर "राउटर माझा आहे" हे विधान टिकणार नाही. मग जोडणीच्या वेळच्या फॉर्ममध्ये भाड्याचा उल्लेख आहे का ते बघून वाद त्यावरच मांडा. बिल भरून झालं असेल, तर "सुधारित बिल" काढून "१७७ रुपये पुढील बिलात वळते करावेत" असं लिहा.

फोनवर तक्रार करायची असली, तरी हाच मजकूर समोर ठेवून वाचा आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक लिहून घ्या. निकाल पटला नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो.