स्कूबाच्या फोटोत चेहरा तुमचा, अंग दुसऱ्याचं

मालवण-तारकर्लीकडे स्कूबाला जाताना ‘फोटो पॅकेजमध्येच’ असं बोलणं होतं. बहुतेक होडीवाले फोटो खरेच काढून देतात. पण पाणी गढूळ असलं किंवा गिऱ्हाईक घाबरून लगेच वर आलं की दाखवण्यासारखा फोटो मिळत नाही. अशा वेळी जुन्या, चांगल्या फोटोतल्या माणसावर गिऱ्हाइकाचा चेहरा चढवून दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवण्याचा प्रकार घडतो. लोक खुशीत पैसे देतात आणि फोटो फ्रेम करून भिंतीवर लावतात.

हा चेहरा येतो कुठून, ते कळलं की चोरी पकडणं सोपं जातं. पाण्याखालचा चेहरा त्यांच्याकडे नसतोच. असतो तो होडीत काढलेला: भिजलेले केस, कपाळावर थेंब, गालावर उन्हाची चकाकी.

आधी ती चकाकी पाहा. हवेत ओली त्वचा चमकते, कारण तिच्यावरच्या पाण्याच्या गुळगुळीत थरावरून ऊन थेट परततं. पाण्यात बुडालेल्या त्वचेला वेगळा थरच उरत नाही. पाणी आणि त्वचा प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून पृष्ठभागावरून परतणारा उजेड नगण्य होतो. खऱ्या फोटोत मास्कबाहेरचं कपाळ आणि गाल मॅट, पावडर लावल्यासारखे दिसतात. तिथे तेलकट पांढरा पट्टा असेल तर तो चेहरा हवेतला आहे. थेंबाचंही तेच, पाण्याखाली त्वचेवर थेंब टिकणारच नाही. खोटा फोटो करणारे हे थेंब ब्रशने पुसतात, पण थेंबाखालची बारीक सावली आणि भुवईच्या केसांतले चमकदार ठिपके बऱ्याचदा राहून जातात. मास्कच्या आतली त्वचा मात्र हवेत असते, ती चमकली तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दुसरी खूण रंगाची. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाच-सहा मीटरवर लाल गंडा काळपट तपकिरी दिसू लागतो. नकली चेहऱ्यावर निळसर हिरवी छटा पसरवतात, पण पाण्याने निळा रंग वाढवलेला नसतो, लाल काढून घेतलेला असतो. म्हणून वरून छटा दिली तरी कानाची पाळी आणि गाल आतून गुलाबीच राहतात. तपासायचं असेल तर फोटोशॉपच्या आयड्रॉपरने त्याच माणसाच्या हाताचा आणि गालाचा रंग मोजा. समजा हातावर लाल 70, हिरवा 130 आला आणि गालावर लाल 125, हिरवा 135. दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, सारख्याच उजेडात असताना एवढी तफावत पडायला नको. लाल फिल्टर किंवा रंगदुरुस्ती वापरली असेल तरी ती हात आणि चेहरा दोघांवर सारखीच झालेली असते. टॉर्च मात्र जवळच्याच भागाचा लाल परत आणतो, त्यामुळे टॉर्चच्या फोटोत हा आकडा एकटा पुरेसा नाही.

सर्वांत पक्की खूण मास्कच्या काचेत आहे आणि ती बनावट करणाऱ्यांना बहुधा ठाऊकच नसते. मास्कमध्ये हवा, बाहेर पाणी. काचेकडे समोरून पाहिलं तर डोळे दिसतात, पण काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून कॅमेरा सुमारे 49 अंशांपेक्षा जास्त तिरका गेला की समोरची काच आरशासारखी चंदेरी होते आणि तिच्यातून डोळे दिसत नाहीत. तेव्हा माणूस जवळजवळ पूर्ण बाजूला वळलेला आहे आणि तरी समोरच्या सपाट काचेतून डोळे स्वच्छ दिसताहेत, तर ते नंतर चिकटवलेले आहेत. बाजूलाही काच असलेल्या मास्कमध्ये त्या बाजूच्या काचेतून डोळे दिसू शकतात, म्हणून आधी मास्क कुठला ते पाहून घ्या.

बुडबुडेही बघावेत. खरे बुडबुडे तोंडात धरलेल्या रेग्युलेटरच्या दोन्ही बाजूंनी निघून गाल, कानावरून वर जातात, काही चेहऱ्याच्या पुढेही येतात. अदलाबदलीत ते चेहऱ्याच्या कडेला अर्धे कापले जातात, किंवा एकाच बुडबुड्याच्या प्रती चार ठिकाणी दिसतात.

पावसातल्या फोटोला चकाकीचा नियम उलटा लागतो: तिथे चकाकी हवीच. थेंबाला उजेडाच्या बाजूला टोकदार ठिपका असतो आणि विरुद्ध कड आतून उजळते. चेहऱ्यावरच्या थेंबांचे ठिपके एका बाजूला आणि मानेवरचे दुसऱ्या बाजूला असतील तर थेंब रंगवलेले आहेत.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती उरत नाही. म्हणून पैसे देण्याआधी, होडीतच कार्डावरच्या मूळ फाइल मागा. गोप्रो असेल तर `GOPR0123.JPG` अशा नावाच्या फाइल असतात. तुमच्या फोटोच्या आगेमागे क्रमाने तुमचेच धूसर, फसलेले शॉट सापडायला हवेत. नंतर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फसवणूक उघड झाली आणि होडीवाला पैसे परत करत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रारीसोबत पावती, व्हॉट्सॲपचा संवाद आणि हात-गालाच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट ठेवा.