राव, बाई की ताई? पेशवेकालीन कथेतली नावं ठरवताना

पेशवाईतली कथा लिहायला घेतली की पहिल्या पानावरच प्रश्न उभा राहतो: नायकाला केशव म्हणायचं, केशवपंत म्हणायचं की केशवराव? वय आणि मान दोन्ही एका प्रत्ययात बसतील, अशी आपली अपेक्षा असते. पण हे प्रत्यय एकच काम करत नाहीत. राव, पंत आणि बाई हे त्या माणसाची जागा सांगतात. ताई, दादा, भाऊ हे त्याचं कुणाशी काय नातं आहे ते सांगतात. वय या दोन्हींतून फार तर अंदाजाने कळतं.

राव वयाचा नाही, याचा पुरावा खुद्द पेशव्यांच्या घरात आहे. माधवराव १७६१ साली पेशवे झाले तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती चाळीस दिवसांचे असताना. त्यामुळे ‘राव’ लावून पात्र वयस्क वाटेल, या भरवशावर राहू नका. वय दाखवायचंच तर ते दुसऱ्या वाटेने येऊ द्या. पंत हा लिहिण्या-मोजण्याचं काम करणाऱ्या ब्राह्मणाच्या नावामागे सहज बसतो, पण तेवढ्यापुरताच नाही. गोविंदपंत बुंदेले वसुली करत आणि फौजही चालवत.

बाईचं थोडं वेगळं आहे. लग्न झालेली, घरात जागा असलेली स्त्री म्हणजे राधाबाई, गोपिकाबाई. नवरा गेल्यावरही बाई तशीच राहते. पण नायकिणीच्या नावामागेही बाई लागते, म्हणून एकट्या बाईवरून वाचकाला पात्राची प्रतिष्ठा कळणार नाही, ती प्रसंगातून कळवावी लागेल.

ताई नावाला जोडून निवेदनात वापरणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. अनुताई वाघ, ताराबाई मोडक ही कोसबाडच्या कामातली जोडी आठवा: विसाव्या शतकात ताई सार्वजनिक मानाचा शब्द झालेला दिसतो. म्हणून पेशवाईतली ‘यमुनाताई’ कानाला एकदम जवळच्या काळातली वाटते. ताई संवादात ठेवा, धाकट्या भावंडाच्या तोंडी.

आता प्रत्यक्ष निवड. एक मार्ग असा की, पात्राला एकच नाव द्यायचं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच लिहायचं. वाचकाचा गोंधळ होत नाही, पण माणूस सगळ्यांना सारखाच मोठा वाटतो. दुसरा मार्ग, नाव प्रत्येक बोलणाऱ्याप्रमाणे बदलायचं. मी दुसरा घेतो, कारण त्यातून मान आपोआप दिसतो. एक प्रसंग मांडतो.

वडील वारल्यावर एकोणीस वर्षांचा केशव त्यांच्या जागी फडावर कारकून झालाय. सकाळी आई हाक मारते, “केशवा, ऊठ.” थोरली बहीण यमुना विधवा होऊन माहेरी आली आहे, आई तिला यमू म्हणते, केशव ताई, सासरचा निरोप्या आला तर यमुनाबाई. फडावर शिपाई म्हणतो, “केशवपंत आले.” म्हातारा कारकून मात्र अजून “अरे केशवा” म्हणतो, आणि तेवढ्यावरून वाचकाला त्यांची जुनी ओळख कळते. केशवची बायको त्याचं नाव घेणारच नाही. तिच्या तोंडी ‘केशवराव’ घातलं तर प्रसंग तिथेच फसला. तिला ‘स्वारी’, ‘तिकडून’ पुरे.

निवेदनाचं काय? इथे मराठीचं व्याकरण आडवं येतं. पंत, राव, बाई लावलं की क्रियापद अनेकवचनी होतं: ‘केशव उठला’, पण ‘केशवपंत फडावर पोचले’. ‘केशवाने कागद घेतला’ आणि ‘केशवपंतांनी कागद घेतला’, यांतलं अंतर नुसत्या नावाचं नाही, निवेदक पात्राच्या किती जवळ उभा आहे त्याचं आहे. घरातला प्रसंग केशवच्या मनातून लिहिताना एकवचन ठेवा. फडावर तो इतरांच्या नजरेतून दिसत असेल, तर पंत. मात्र एकाच परिच्छेदात ‘केशव म्हणाला’ आणि ‘केशवपंत हसले’ आलं की वाचकाला दोन माणसं वाटतात. बदल प्रसंग बदलताना करा. खर्डा लिहून झाल्यावर फक्त क्रियापदं वाचत जा. ही चूक सगळ्यात लवकर तिथे सापडते.

एक मर्यादा आहे. केशव, केशवा, केशवपंत यांत मूळ नाव दिसतं, म्हणून वाचकाला चालून जातं. नाना, भाऊ, दादा यांत ते नाहीसं होतं. बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब, सदाशिवराव म्हणजे भाऊ, रघुनाथराव म्हणजे दादासाहेब. अशी दोन-तीन पात्रं एकत्र आली तर प्रत्येकाची दोन्ही नावं पहिल्याच भेटीत एकदा जोडून द्यावी लागतात. पानिपतावर पडलेले भाऊ तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते, हे तर नावावरून कधीच कळणार नाही.